‘पर्यायी मार्गाचा अवलंब करावा’ म्हणजे नेमकं कुठून जायचं?

गणेश विसर्जनाच्या आदल्या दिवशी धुळ्यातल्या कुठल्याही पेपरात एक चौकट हमखास असते. ‘मिरवणुकीमुळे शहरातील वाहतूक मार्गात बदल’ असं शीर्षक, खाली आठ-दहा ओळी आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘वाहनधारकांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करून पोलिसांना सहकार्य करावे.’ वाचणारा मान हलवतो, पेपर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पांझरा नदीच्या पुलाच्या तोंडाशी गाडी घेऊन उभा राहतो. तिथला हवालदार म्हणतो, “दादा, आठे बंद शे, मांगे फिरा.” मागे फिरायचं खरं, पण मागे तोवर चाळीस गाड्या लागलेल्या असतात.

त्या माणसाने पेपर वाचला होता. त्याची चूक एवढीच की त्याला पेपरातून काही कळलं नव्हतं. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर अशाच प्रेसनोटा कापून चौकटीत बसवत होतो, त्यामुळे या न कळण्यात माझाही हात आहे. अशी सूचना कशी तयार होते, ती कशी वाचायची आणि लिहायची वेळ आली तर कशी लिहायची, हे धुळ्याचंच उदाहरण घेऊन सांगतो.

धुळं यासाठी की इथला नकाशा सरळ आहे आणि अडचणही सरळ आहे. उत्तरेला देवपूर, दक्षिणेला मूळ शहर, मध्ये पांझरा. शहराचा कणा म्हणजे आग्रा रोड. शहराच्या पूर्वेकडून मुंबई–आग्रा महामार्ग जातो. त्यावर चाळीसगाव चौफुली, पारोळा चौफुली आणि पलीकडे देवपूरच्या टोकाला नगावबारी आहे. विसर्जनाची मिरवणूक नदीकडे जाणार हे उघड आहे, आणि रोज हजारो माणसं हीच नदी ओलांडून कॉलेजला, दवाखान्यात, बसस्थानकावर जातात. म्हणजे मिरवणूक आणि रोजची वर्दळ दोघांनाही त्याच संध्याकाळी तोच पूल हवा असतो. रस्ता बंद झाला की गल्लीतून वाट काढता येते, पूल बंद झाला की येत नाही. म्हणून नदीकाठच्या गावातली सूचना पुलापासून सुरू व्हायला हवी. बहुतेक सूचना मात्र मंदिरापासून, नाहीतर मिरवणुकीच्या पहिल्या चौकापासून सुरू होतात.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ‘पोलिसांनी मनात आलं म्हणून रस्ता बंद केला’ असं बऱ्याच जणांना वाटतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ मध्ये वाहनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार आहे, आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ मध्ये रस्त्यावरची रहदारी नियंत्रित करण्याचा. आदेशावर पोलीस अधीक्षकांची किंवा जिल्हाधिकाऱ्यांची सही असते. कलम ११५ मधली एक बारीक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार असेल तर तो राजपत्रात छापावा लागतो. महिन्याच्या आतला असेल तर राजपत्राची गरज नाही, पण परिस्थितीनुसार शक्य तेवढी स्थानिक प्रसिद्धी द्यावीच लागते. म्हणजे पेपरातली चौकट, चौकातला फलक, रिक्षावरचा भोंगा हे राजपत्राच्या जागी आलेले आहेत. ती प्रसिद्धी कायद्यानेच मागितली आहे, कुणी उपकार म्हणून देत नाही.

त्याच पोलीस अधिनियमाच्या कलम ३६ नुसार मिरवणुकीच्या जागेवरचा अधिकारी तोंडी आदेशही देऊ शकतो. त्यामुळे ‘पेपरात तर चालू लिहिलंय’ हा वाद हवालदारापाशी घालून उपयोग नसतो. गर्दी बदलली तर तो रस्ता त्याच क्षणी बंद करू शकतो.

आता गणिताकडे येऊ. सूचनेत सगळ्यात जास्त घोळ वेळेचा असतो आणि तो टाळायला पाचवीतलं गणित पुरतं.

समजा मिरवणूक पाचकंदील भागातून निघून आग्रा रोडने नदीकडे जाणार आहे आणि मार्ग दीड किलोमीटरचा आहे. (हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, प्रत्यक्षात मार्ग चालून मोजायचा असतो.) दहा मंडळं आहेत. प्रत्येक मंडळाचा ट्रॅक्टर, ढोलपथक, नाचणारी पोरं आणि पुढच्या मंडळापर्यंतचं अंतर धरून शंभर मीटर. म्हणजे मिरवणूक एक किलोमीटर लांब झाली. थांबत, नाचत, आरत्या घेत ती तासाला पाचशे मीटर सरकते. चार वाजता पहिलं मंडळ हललं.

तर सुरुवातीच्या चौकातून मिरवणुकीचं शेपूट सहा वाजता बाहेर पडेल, कारण एक किलोमीटर लांबी सरकायला दोन तास लागतात. मार्गाच्या मध्यावर डोकं साडेपाचला पोहोचेल आणि शेपूट साडेसातला सुटेल. नदीशी डोकं सातला आणि शेपूट नऊला. ‘दुपारी ४ ते रात्री १२ आग्रा रोड बंद’ असं सरसकट लिहिलं, तर सुरुवातीच्या भागातला दुकानदार साडेसहानंतरही विनाकारण अडकून बसतो. आणि नदीकडच्या भागात पाच वाजता रस्ता मोकळा दिसतो, म्हणून लोक म्हणतात, ‘काही बंद-बिंद नाही,’ आणि आत शिरतात. एकदा सूचना खोटी दिसली की पुढची कुणी वाचत नाही.

पण नऊ हाही आकडा खरा नाही. नदीकाठी प्रत्येक मूर्तीची शेवटची आरती, मूर्ती उतरवणं, पाण्यात नेणं, यात समजा वीस मिनिटं जातात. मंडळं येतात दर बारा मिनिटांनी. येणं बारा मिनिटांनी आणि सुटणं वीस मिनिटांनी, म्हणजे रांग वाढणारच. पावणेनऊच्या सुमाराला दहावं मंडळ काठाशी येतं, तेव्हा पाच मूर्ती झालेल्या असतात, सहावीचं चालू असतं आणि चार मंडळं मागे उभी असतात. चारशे मीटर रस्ता जागच्या जागी अडला. शेवटची मूर्ती सातपासून दहा गुणिले वीस मिनिटांनी, म्हणजे दहा वाजून वीस मिनिटांनी होते. मिरवणूक वेळेत पोहोचली तरी पुलाजवळचा भाग एक तास वीस मिनिटं जास्त बंद राहतो. ‘पोलिसांनी नऊ सांगितलं आणि साडेदहा केले’ ही दरवर्षीची तक्रार बहुतेक या काठावरच्या रांगेतून येते. ती रांग आधी मोजता येते, आणि मोजून सूचनेत लिहिता येते.

त्यात आवाजाच्या नियमांची भर पडते. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत मध्यरात्री बारापर्यंत वाढवता येते. ज्या दिवशी मुदत बाराची असते, त्या दिवशी अकरापर्यंत मंडळं हलायचं नाव घेत नाहीत. बारा वाजले, वाजंत्री थांबली की तीच मिरवणूक दुप्पट वेगाने चालते. वेळ लिहिणाऱ्याने आधी ही मुदत विचारून घ्यावी.

धुळ्यात एक वेगळी मिरवणूकही आहे. जुन्या धुळ्यातला मानाचा गणपती, लोक ज्याला खुनी गणपती म्हणतात, तो १८९५ पासूनचा. त्याची मिरवणूक मशिदीसमोर थांबते, तिथे मुस्लीम बांधव फुलं उधळून स्वागत करतात. असा ठरलेला थांबा ज्या मार्गावर आहे तिथे सरासरी वेग धरून चालत नाही. त्या जागेचा वेळ वेगळा मोजावा लागतो, आणि त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे आडवे रस्ते आधी बंद करावे लागतात, कारण दर्शनाची गर्दी मिरवणुकीच्या आधीच येऊन थांबलेली असते.

आता मुख्य प्रश्न, वळवायचं कुठे?

रस्ता जिथे बंद आहे तिथे लोखंडी जाळी लावली की काम झालं, असं वाटतं. पण वाहन वळवायची जागा जाळीपाशी नसते. ज्या शेवटच्या चौकात चालकाला दुसरा रस्ता निवडता येतो, तिथे ती असते. मोटारसायकलवाल्यासाठी तो चौक जाळीपासून पन्नास मीटरवर असला तरी चालतो, तो जागेवर वळतो. एसटीची बस अकरा-बारा मीटर लांब. ती पुलाच्या तोंडाशी आली तर मागे घ्यायला कंडक्टरला उतरून शिट्टी मारत निम्मा रस्ता मोकळा करावा लागतो, आणि तेवढ्यात मागे रांग लागली की तेही जमत नाही. बससाठी निवडीचा शेवटचा चौक पुलाच्या किती तरी अलीकडे, महामार्गावर असतो.

म्हणून वळण तीन ठिकाणी लागतं. ट्रक आणि बस महामार्गावरच, नगावबारीला आणि पारोळा चौफुलीला. कार, रिक्षा मधल्या मोठ्या चौकात. दुचाकी आणि पायी माणसं अगदी जवळ. सूचनेत हे तीन वेगळे दिसले पाहिजेत, कारण वाचणारा स्वतःला ‘वाहनधारक’ समजत नाही. तो रिक्षावाला असतो, नाहीतर शिरपूरच्या बसमध्ये बसलेला असतो, नाहीतर मुलीला स्कूटीवर क्लासला सोडणारा असतो.

इथे धुळ्याचा एक सापळा सांगायलाच हवा. इंग्रज अमलाच्या सुरुवातीला, १८१८-१९ च्या सुमाराला, कॅप्टन ब्रिग्ज याने धुळं खानदेशाचं मुख्य ठाणं केलं आणि नवी पेठ आखून वसवली. आजही गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असे पत्ते त्या सरळ आखणीची आठवण देतात. नकाशावर आग्रा रोडच्या बाजूने समांतर गल्ल्या बघून कुणालाही वाटतं, चला, पर्यायी मार्ग तयारच आहे. तो नाही. त्या दिवशी गल्लीत दुसऱ्या मंडळाचा मांडव असतो, दोन्ही कडांना दुचाक्या लावलेल्या असतात आणि गल्ल्यांना जोडणारे आडवे बोळ शेवटी आग्रा रोडलाच निघतात. समोरून रिक्षा आली की दोघांनाही मागे जाता येत नाही. पर्यायी मार्ग म्हणून तोच रस्ता सांगावा, ज्याचं दुसरं टोक बंद रस्त्याला न लागता मोकळ्या रस्त्याला लागतं. ही एक कसोटी लावली तरी छापलेल्या कितीतरी ‘पर्यायां’वर काट मारावी लागेल.

मॅपवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठीही हेच. मॅपला गल्ली दिसते, मांडव दिसत नाही. तात्पुरती बंदी कुणी कळवली नसेल तर तो बिनधास्त आग्रा रोडनेच पाठवतो. लाल रंग दिसेपर्यंत तुम्हीही त्या लाल रंगातलेच एक झालेले असता.

आता सूचना प्रत्यक्ष लिहून बघू. आधी नेहमीची पद्धत:

‘दि. … रोजी गणेश विसर्जन मिरवणुकीनिमित्त शहरातील आग्रा रोड, मोठा पूल व लगतचे रस्ते दुपारी ४ वाजेपासून मिरवणूक संपेपर्यंत सर्व प्रकारच्या वाहनांसाठी बंद राहतील. वाहनधारकांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करावा.’

यातला एकही शब्द चुकीचा नाही, आणि देवपूरच्या माणसाला यातून बसस्थानकावर कसं जायचं हे कळत नाही. ‘लगतचे रस्ते’ कोणते? ‘मिरवणूक संपेपर्यंत’ म्हणजे किती? रस्त्यांची नावं आहेत, पण माणूस रस्त्याच्या नावाने प्रवास करत नाही. तो इथून तिथे जातो. म्हणून सूचना ‘कुठून कुठे’ अशी लावायची. तीच सूचना, वरच्या गणितातल्या वेळा घेऊन (हा नमुना आहे, यंदाचा आदेश नव्हे, त्या दिवशी पोलिसांनी काढलेला आदेशच पाहावा):

> देवपूर आणि शहर यांच्यामधला मोठा पूल उद्या, शनिवारी, संध्याकाळी ५ ते रात्री ११ सर्व वाहनांना बंद.
>
> देवपूरहून बसस्थानक किंवा पारोळा रोडकडे जायचं असेल तर नगावबारी – मुंबई–आग्रा महामार्ग – पारोळा चौफुली – पारोळा रोड असं जा. नेहमीपेक्षा अर्धा तास आधी निघा. परत येतानाही हाच मार्ग.
>
> देवपूरहून चक्करबर्डीच्या रुग्णालयात जायचं असेल तर शहरात शिरू नका, नगावबारीहून महामार्गानेच जा.
>
> शिरपूर, शिंदखेड्याकडून येणाऱ्या बस या वेळेत मोठ्या पुलावरून येणार नाहीत, महामार्गाने मुख्य बसस्थानकावर जातील. शहरातून देवपूर बसस्थानकावर येऊन बस पकडणाऱ्यांनी ५ च्या आधी पूल ओलांडा.
>
> आग्रा रोड, पाचकंदीलजवळचा भाग: दुपारी साडेतीन ते साडेसहा बंद. नदीकडचा भाग: संध्याकाळी ५ ते रात्री ११ बंद. दोन्ही भागांत सकाळी १० पासून गाडी उभी करू नका.
>
> रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस मदतीसाठी ११२.

शब्द वाढले, मान्य. चौकट दुप्पट झाली. पण यात प्रत्येकाला स्वतःची ओळ सापडते आणि बाकीच्या ओळी सोडून देता येतात. अर्धा तास हा आकडाही उगाच टाकलेला नाही. शहरातून पुलावरून जाणारा माणूस आता महामार्गाला वळसा घालून येणार, आणि त्याच वेळी त्याच्यासारखे सगळे पारोळा चौफुलीवर उतरणार. वळसा जितक्या मिनिटांचा, त्यापेक्षा चौफुलीवरचा खोळंबा मोठा असतो. सूचनेत वळसा दिला आणि तो रस्ता त्या दिवशी किती भरणार हे सांगितलं नाही, तर गर्दी एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवली, एवढंच झालं.

बसबाबत नमुन्यात दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या आहेत: बस कुठून जाणार आणि प्रवाशाने काय करायचं. बहुतेक सूचना बसचा मार्ग सांगून थांबतात. रोज देवपुरात हात दाखवून चढणारा माणूस बस येईना म्हणून तासभर उभा राहतो, आणि ती तोवर महामार्गाने केव्हाच पुढे गेलेली असते.

बंदच्या वेळा मिरवणुकीच्या वेळेपेक्षा सैल आहेत, हे लक्षात आलं असेल. डोकं नदीकडच्या भागात सातला येणार तर बंद पाचपासून का? कारण मिरवणूक बघणारे आधी येतात, रस्ता आधी रिकामा करावा लागतो आणि उभ्या गाड्या उचलायला वेळ लागतो. गाडी उभी करण्याची मनाई सकाळी दहापासून आहे तीही यासाठीच. आग्रा रोडवर रविवार-बुधवार कधीही फिरून या, दोन्ही कडांना दुचाक्यांच्या रांगा असतात. त्यातल्या निम्म्या मालकांचा पत्ता दुपारी चारला लागत नाही. शेवटी ११ लिहिलं तेही दहा वाजून वीस मिनिटांच्या पुढे चाळीस मिनिटं जाळ्या हलवायला आणि रस्ता झाडायला धरून. गुलालाने निसरडा झालेला पूल घाईने उघडला तर पहिला दुचाकीवालाच घसरतो.

आणखी एक शक्यता आहे, जी देवपूरच्या लोकांना सांगावी लागत नाही. सप्टेंबरात वर पाऊस झाला आणि अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं, तर पांझरेवरचे खालचे पूल पाण्यासाठीच बंद होतात. म्हणजे मोठा पूल मिरवणुकीला आणि खालचे पूल नदीला. लहान पुलाला पर्याय म्हणून धरून सूचना लिहिली आणि रात्रीत पाणी वाढलं, तर सकाळी सगळी सूचना कोलमडते. म्हणून वरच्या नमुन्यात एकाही खालच्या पुलावर भिस्त ठेवलेली नाही. महामार्गाचा वळसा लांबचा आहे, पण तो पावसावर अवलंबून नाही.

तारखेचंही बघा. ‘उद्या’ हा शब्द पेपरात चालतो, कारण पेपरवर तारीख छापलेली असते. तोच मजकूर मोबाइलवर फिरायला लागला की ‘उद्या’ दोन-तीन दिवस जिवंत राहतो, आणि गेल्या वर्षीचा ‘उद्या’ही या वर्षी परत येतो. म्हणून तारीख आणि वार दोन्ही लिहायचे. वाचणाऱ्यासाठी ही सोपी खूणही आहे: मेसेजमधली तारीख त्याच वाराला येत नसेल तर तो जुना आहे, पुढे पाठवू नका. मध्यरात्रीचीही गंमत आहे. ‘१७ तारखेला रात्री १२ पर्यंत’ म्हणजे सोळा-सतराच्या मधले बारा की सतरा-अठराच्या मधले? लिहिणाऱ्याला शंका नसते, वाचणाऱ्यांपैकी काहींना असते. ‘१७ तारखेला रात्री ११.५५ पर्यंत’ लिहिलं की प्रश्नच मिटतो. रेल्वेचं वेळापत्रक वाचणाऱ्यांना ही युक्ती ठाऊक आहे.

रिक्षावरच्या भोंग्याबद्दल थोडं, कारण ज्याच्या हातात पेपर नाही त्याच्यापर्यंत पोहोचणारा तोच. रिक्षा तासाला दहा किलोमीटरने चालली तर सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर सरकते. घरात बसलेल्याला शंभर मीटरच्या टप्प्यात शब्द स्पष्ट कळतात असं धरलं, तर त्याला साधारण छत्तीस सेकंद मिळाले. आपली घोषणा असते दीड मिनिटाची: ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’पासून सुरू होऊन ‘आपला विश्वासू’पर्यंत. कुणाच्या कानावर फक्त ‘कळविण्यात येते’ पडतं, कुणाच्या कानावर फक्त ‘सहकार्य करावे’. घोषणा बारा सेकंदांची हवी, म्हणजे प्रत्येकाला ती तीनदा ऐकू जाईल. आणि पहिला शब्द जागेचा: ‘मोठा पूल. शनिवारी संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत बंद. नगावबारीहून जा.’ मोठ्याने म्हणून बघा, बारा सेकंदांत आरामात बसतं. देवपुरात फिरणाऱ्या रिक्षेने हेच म्हणावं. शहरात फिरणाऱ्या रिक्षेने ‘पारोळा चौफुलीहून जा’ म्हणावं. एकच ध्वनिफीत दोन्ही बाजूंना फिरवणं ही मी पाहिलेली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नेहमीची चूक.

माझी स्वतःची चूक याहून वाईट होती. एके वर्षी प्रेसनोट लांब आली होती आणि एक कॉलम जागा होती. मी वरून वाचत गेलो, जागा संपली तिथे कापलं. कापलेल्या शेवटच्या दोन ओळींत रस्ते टप्प्याटप्प्याने कधी उघडणार ते होतं. दुसऱ्या दिवशी एक दूधवाला कार्यालयात आला. पहाटेचे कॅन घेऊन तो पूल बंदच असणार म्हणून लांबून फिरून आला होता, आणि पूल तर रात्रीच उघडला होता. कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, “भाऊ, पेपरमा बंद लिखेल व्हतं, चालू कव्हय व्हई ते कोठे लिखेल व्हतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर वाहतुकीची प्रेसनोट हातात आली की मी खालून वाचायला लागलो. आदेश लिहिणारे सरकारी रीतीने संदर्भ आणि कलमं वर घेतात, आणि लोकांच्या कामाचं सगळं तळाशी राहतं. कापायचंच असेल तर वरून कापावं.

रस्ता उघडल्याची सूचना ही तर कुणाच्या ध्यानातच नसते. बंद करताना पेपर, फलक, भोंगा सगळं असतं, उघडताना फक्त जाळी बाजूला होते. आता निदान मोबाइल आहे. रात्री सव्वाअकराला दोन ओळींचा मेसेज गेला: ‘मोठा पूल रात्री ११.१० ला दोन्ही बाजूंनी उघडला. आग्रा रोडची साफसफाई चालू आहे, दुचाकी सावकाश चालवा.’ तर महामार्गावर वळसा घालणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्या नगावबारीलाच सरळ होतात, आणि पारोळा चौफुलीवर उभ्या असलेल्या हवालदाराला बाजूच्या टपरीवर चहा घ्यायला पाच मिनिटं मिळतात.